व्हीओटू मॅक्स पुढे सरकेना तेव्हा: साताऱ्यातल्या एका धावपटूचं प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धावण्याच्या गटातल्या एक ताई मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाल्या, "सर, हे बघा. जानेवारीत ३६ होतं, आता ३२ दाखवतंय. मी तर एकही दिवस चुकवला नाही." वय ४१, वजन ६२ किलो, बँकेत नोकरी. तीन वर्षं नियमित धावतात. सपाट रस्त्यावरची अर्धमॅरेथॉन २ तास २४ मिनिटांत पूर्ण केलेली. आता त्यांना पावसाळ्यानंतरची घाटातली अर्धमॅरेथॉन करायची होती आणि घड्याळातला व्हीओटू मॅक्सचा आकडा नेमका उलट्या दिशेला चालला होता.

पुढच्या पाच महिन्यांत काय केलं, काय चुकलं आणि आकडा कशाने वाढला, ते त्यांच्या परवानगीने नाव न देता लिहितो आहे. चूक माझीही होती आणि तीच या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

हा आकडा नेमका कशाचा

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून धावताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप. वजनाने भागून ते दर किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला किलोमागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर पुरतो. ताईंचा आकडा ३४ धरला तर ६२ किलोला मिनिटाला सुमारे २.१ लिटर ऑक्सिजन झाला.

या मापाला "कमाल" का म्हणायचं, हे ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हार्टली लप्टनबरोबर १९२३ च्या सुमारास दाखवलं. हिल स्वतः पाठीवर हवा गोळा करायची पिशवी बांधून गवतावर गोल गोल धावला. वेग वाढवत नेला तसा ऑक्सिजनचा वापर वाढत गेला आणि एका ठिकाणी थांबला. त्यापुढे वेग वाढवता येत होता, पण ऑक्सिजन वाढत नव्हता. ते छप्पर म्हणजे व्हीओटू मॅक्स. आजही प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर हेच मोजतात.

छप्पर कशाने ठरतं, हे समजायला एक हिशेब पुरतो. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि त्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतात, यांचा गुणाकार म्हणजे वापरलेला ऑक्सिजन. पहिल्या भागात दोन गोष्टी येतात: मिनिटाचे ठोके आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त. ठोक्यांची कमाल मर्यादा सरावाने वाढत नाही. उलट वयाबरोबर ती हळूहळू उतरते. वाढतं ते दर ठोक्याचं रक्त. दुसऱ्या भागात स्नायूंमधल्या केशवाहिन्या येतात, पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या म्हणजे मायटोकाँड्रिया येतात आणि रक्ताने मुळात किती ऑक्सिजन वाहून आणला तेही येतं. हे शेवटचं मी एप्रिलमध्ये विचारातच घेतलं नाही.

घड्याळ बाजूला ठेवून मोजणी

घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. अमुक पेसला, म्हणजे किलोमीटरमागे लागणाऱ्या अमुक वेळेला, तुमचे ठोके किती पडतात, यावरून ते अंदाज बांधतं. त्यामुळे उन्हाळ्यात ठोके चढले की आकडा पडतो. पट्टा सैल असला की आकडा भरकटतो. घड्याळात कमाल ठोके चुकीचे भरलेले असले तर सगळा पायाच चुकतो. ताईंच्या घड्याळात २२० वजा वय या सूत्राने १७९ भरलेले होते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं नवं सूत्रही त्यांच्या वयाला तेवढेच ठोके देतं. पण ही सूत्रं सरासरीची आहेत. एकेका माणसाचे कमाल ठोके त्याहून दहा-बारा इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून आम्ही बारा मिनिटांची कूपर चाचणी घेतली. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ती मांडली. ४०० मीटरच्या ट्रॅकवर पंधरा मिनिटं हलकं धावून अंग गरम करायचं, मग बारा मिनिटांत जेवढं जास्त जाता येईल तेवढं जायचं. मिळालेलं अंतर सूत्रात घालायचं:

```
VO2max = (meters - 504.9) / 44.73
```

सकाळी सहाला ताईंनी पाच फेऱ्या आणि वर ४० मीटर केले, म्हणजे २०४० मीटर. उत्तर ३४.३. शेवटच्या मिनिटाला छातीच्या पट्ट्यावर १८६ ठोके दिसले, म्हणजे सूत्राच्या १७९ पेक्षा सात जास्त. तो आकडा आम्ही घड्याळात भरला.

कूपरचं उत्तरही अंदाजच असतं. पेस कसा सांभाळला, वारा किती, झोप कशी झाली, यावर ते हलतं. पण त्याच ट्रॅकवर, त्याच वेळेला, त्याच पद्धतीने पुन्हा घेतली तर स्वतःची स्वतःशी तुलना करायला ही चाचणी मला घड्याळापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

पहिला आराखडा

ताईंची धावण्याची वही पाहिली तर चारही दिवस सारखेच होते. सहा ते आठ किलोमीटर, किलोमीटरला ६:५० चा पेस, ठोके १५५ ते १६०. त्यांच्या कमाल ठोक्यांच्या हिशेबात हे ८३ ते ८६ टक्के झाले. हौशी धावणाऱ्यांचं सगळ्यात जास्त दिसणारं चित्र हेच आहे. सावकाश धावणं सावकाश नसतं आणि जोराचं धावणं पुरेसं जोराचं नसतं. रोज दमायला होतं, पण हृदयाला छपराजवळ कधी नेलं जात नाही.

म्हणून तीन धावा खरोखर हलक्या केल्या, ठोके १४० च्या आत, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा. त्यातली एक लांबची. आणि आठवड्यातून एकदा, तिसऱ्या आठवड्यापासून दोनदा, चार-चारचे इंटरव्हल. वॉर्मअपनंतर चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू जॉगिंग, असं चार वेळा. जोराच्या भागात ठोके कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के, म्हणजे ताईंसाठी १६७ ते १७७.

चारच मिनिटं का, याला कारण आहे. पहिल्या दीड-दोन मिनिटांत ठोके नुसते वर चढत असतात. छपराजवळचा खरा वेळ त्यानंतर सुरू होतो. एका मिनिटाचे तुकडे केले तर हृदय वर पोहोचेपर्यंत तुकडाच संपतो आणि आठ मिनिटांचे केले तर एवढा जोर टिकत नाही. नॉर्वेतल्या हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चाळीस तरुणांच्या चार गटांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकूण श्रम सारखे ठेवून वेगवेगळ्या पद्धतीने धावायला लावलं. चार-चारच्या गटाचा व्हीओटू मॅक्स सरासरी ७.२ टक्के वाढला. पंधरा सेकंद जोरात आणि पंधरा सेकंद हळू धावणाऱ्यांचा ५.५ टक्के वाढला. सावकाश लांब धावणाऱ्या आणि मध्यम जोराने सलग धावणाऱ्या गटांत लक्षणीय वाढ झाली नाही. ती सगळी आधीपासून बऱ्यापैकी तयारीची तरुण मुलं होती. नुकतंच धावायला लागलेल्या माणसाचा आकडा नुसत्या हलक्या धावण्यानेही वाढतो. आणि चाळिशीतल्या नोकरदार बाईला आठवड्यातून तीनदा हा मार देणं मला पटत नाही. दोन पुरेत, मध्ये दोन दिवसांचं अंतर ठेवून.

दुसऱ्या इंटरव्हलला आम्ही यवतेश्वर घाटाचा चढ घेतला. चढावर किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटांच्या पेसलाही ठोके १७० वर जातात आणि सपाटीवरच्या वेगापेक्षा गुडघ्यापोटऱ्यांना आदळआपट कमी होते. उतरताना मात्र चालतच उतरायचं, नाहीतर वाचवलेली आदळआपट परत अंगावर येते.

पाच आठवड्यांनी

मेच्या शेवटी पुन्हा चाचणी घेतली. २०६० मीटर. ३४.८. सूत्रात अर्ध्या गुणाची वाढ, म्हणजे काहीच नाही. एवढा फरक तर त्याच माणसात दोन सकाळींमध्येही पडतो.

माणसागणिक सरावाचा परिणाम वेगळा असतो, हे मला माहीत होतं. हेरिटेज नावाच्या मोठ्या अभ्यासात वीस आठवडे एकच व्यायाम दिल्यावर सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर निघाली. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य होती आणि काहींची लिटरभर. यातला साधारण अर्धा फरक घराण्यातून आलेला होता. ताई कमी प्रतिसाद देणाऱ्यांपैकी असतील, असं मी मनाशी धरलं. ठोके चढण्याचं खापर मी आधीच उन्हाळ्यावर फोडलं होतं. ती माझी चूक.

वही पुन्हा उघडली तेव्हा दोन गोष्टी बोचल्या. उन्हाने ठोके चढतात ते धाव पुढे सरकते तसे. पहिले दोन किलोमीटर बरे जातात आणि मग अंग तापलं की ठोके वर सरकतात. ताईंचे ठोके पहाटे साडेपाचच्या गारव्यातही पहिल्या किलोमीटरपासून जानेवारीपेक्षा दहा-बाराने जास्त होते. आणि इंटरव्हलमध्ये ठोके १७५ वर जात होते, पण पेस दर तुकड्याला पडत होता. पहिला तुकडा ६:०० ने, चौथा ६:४० ने. मी समजत होतो की त्या पहिला तुकडा जास्त जोरात मारतात. खरं तर हृदय पूर्ण काम करत होतं, पण पायांना पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नव्हता.

मग विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. बँकेच्या जिन्यावर धडधडतं. केस गळतात. पाळीतला रक्तस्राव दोन वर्षांपासून वाढला आहे. आणि थोडं संकोचून त्या म्हणाल्या, "तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकल्याशिवाय राहवत नाही." आपल्याकडे घराघरात ही सवय बायकांची खोड म्हणून हसण्यावारी नेतात. लोह कमी पडल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे.

डॉक्टरांनी धडधडीसाठी ईसीजी काढला, तो ठीक आला. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०.२ ग्रॅम. बाईमाणसाला १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७ होतं. १५ च्या खाली साठा संपला असं धरतात.

आता वरचा गुणाकार पुन्हा मांडू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १०.२ असताना एक लिटर रक्त पूर्ण भरलं तरी १३७ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. तेच १२.६ असतं तर १६९ नेलं असतं. हृदय तेच, ठोके तेच, पण ट्रकच्या प्रत्येक खेपेत माल कमी. हलक्या धावेत हृदय जास्त ठोके मारून ही तूट भरून काढतं, म्हणून घड्याळाचा आकडा घसरत होता. जोराच्या धावेत मारायला जास्तीचे ठोकेच उरत नाहीत, म्हणून छप्पर खाली येतं. घड्याळाने चार महिने खरी खूण दाखवली होती. मी ती उन्हाच्या खात्यात टाकली.

दुसरा आराखडा

औषध डॉक्टरांचं. त्यात मी पडलो नाही आणि कोणी प्रशिक्षकाने पडू नये. नुसतं हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून खाणं चुकीचं आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचंही हिमोग्लोबिन कमी असतं, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो आणि तिथे गोळ्यांचा उपयोग होत नाही. म्हणून फेरिटिन बघायचं. ताईंना डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड दिली आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे गर्भाशयातली लहान गाठ सापडली, तिचे उपचार वेगळे सुरू झाले. रक्त जिथून गळतं ते बंद केल्याशिवाय गोळ्या म्हणजे फुटक्या माठात पाणी.

खाण्यातला एकच बदल खरा मोठा ठरला. बँकेत डब्यावर लगेच कडक चहा व्हायचा. चहा जेवणातलं लोह अडवतो. तो दीड तास पुढे ढकलला आणि डब्यातल्या उसळीवर लिंबू आलं.

इंटरव्हल मी दीड महिना पूर्ण बंद ठेवले. धावणं मात्र चालू ठेवलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं, तेव्हा त्यांचा व्हीओटू मॅक्स पाव हिश्श्याहून जास्त उतरला. निव्वळ विश्रांती फार महाग पडते. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, ठोके १४० च्या आत. सुरुवातीला त्यासाठी ताईंना अधूनमधून चालावं लागायचं. गटातले बाकीचे पुढे जायचे आणि ते त्यांना फार लागायचं, हे मी पाहत होतो.

जुलैच्या मध्यावर हिमोग्लोबिन ११.८ झालं. त्याच ट्रॅकवर, पावसाची उघडीप बघून, चाचणी घेतली: २१९० मीटर, म्हणजे ३७.७. एकही जोराचा सराव न करता जवळजवळ तीन गुण. यातला काही भाग पावसाळी गारव्याचाही असणार. एप्रिल-मेच्या मानाने हवा बरीच थंड होती. पण हलक्या धावेतले ठोकेही पहिल्या किलोमीटरपासून खाली आले होते आणि इंटरव्हलमुळे काही झालं म्हणायला इंटरव्हल नव्हतेच.

मग सात आठवडे पुन्हा चार-चार. आधी आठवड्यातून एकदा, नंतर दोनदा, एक ट्रॅकवर आणि एक घाटात. यावेळी एक नियम घातला. चौथ्या तुकड्याचा पेस पहिल्याएवढाच यायला हवा. नाही आला तर पुढच्या वेळी पहिला सावकाश करायचा. तसा आला की पेस किलोमीटरला पाच सेकंदांनी वाढवायचा. पेस ६:०५ पासून ५:४५ पर्यंत आला. एकदा पोटरी धरली, तेव्हा त्या आठवड्यातले दोन्ही सराव सोडून दिले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन १२.६ आणि अंतर २२७० मीटर. ३९.५. एप्रिलपासून पाच गुणांची, १५ टक्क्यांची वाढ. पण ही वाढ इंटरव्हलची म्हणून सांगितली तर ते खोटं होईल. ३४.८ वरून ३७.७ हा टप्पा मुख्यतः रक्ताचा. ३७.७ वरून ३९.५ हा साधारण ५ टक्क्यांचा टप्पा सरावाचा आणि त्यातही शेवटच्या ०.८ हिमोग्लोबिनचा थोडा हात. आधीपासून नियमित धावणाऱ्या निरोगी माणसाला तीन महिन्यांच्या नीट सरावातून ५ ते १० टक्के मिळाले तर ते चांगलं फळ आहे. कोणी तीन महिन्यांत २५ टक्के वाढवून देतो म्हणाला तर मी त्याला आधी विचारीन, मोजलं कशाने?

वजनाबद्दल ताईंनी दोनदा विचारलं. आकडा किलोमागे असतो, त्यामुळे तोच २.१ लिटर ऑक्सिजन ५८ किलोने भागला तर आकडा आपोआप दोन-अडीच गुणांनी वर जातो. ज्याच्या पोटावर जादा चरबी आहे त्याच्यासाठी हा खरा फायदा आहे. रक्त कमी असलेल्या बाईने त्यासाठी खाणं तोडणं म्हणजे लोहाचा रस्ताच बंद करणं. ताईंचं वजन शेवटीही ६२ च होतं.

घाटातली शर्यत त्यांनी पूर्ण केली, वेळेचा आग्रह न धरता. जुन्या ६:५० च्या पेसला आता ठोके १४४ च्या आसपास पडतात, पूर्वी १५५ ते १६० पडायचे. घड्याळ ३८ दाखवतं. फेरिटिन मात्र अजून २२ वरच आहे, म्हणून गोळ्या आणखी तीन महिने चालू राहणार आहेत. पुढची रक्तचाचणी डिसेंबरात आहे आणि तोपर्यंत आठवड्याला एकच इंटरव्हल ठेवला आहे.